प्रेस नोट पाठवण्याआधी: अवतरणं, पदनामं, तारखा आणि डेटलाइन कशी जुळवून पाहायची

प्रेस नोटमधल्या शुद्धलेखनाच्या चुका वाचताना दिसतात. विसंगती मात्र वाचताना सहसा दिसत नाही, कारण ती एका वाक्यात नसते, दोन वाक्यांच्या मध्ये असते. दुसऱ्या परिच्छेदातलं ‘व्यवस्थापकीय संचालक’ बरोबर वाटतं आणि सहाव्यातलं ‘कार्यकारी संचालक’सुद्धा बरोबर वाटतं. दोन्ही एकाच व्यक्तीबद्दल आहेत हे लक्षात यायला दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवावे लागतात. म्हणून या तपासणीत नोट वरून खाली वाचत बसायचं नाही. तिच्यातून एकेका प्रकारची माहिती उचलून बाहेर मांडायची, आणि मग जुळवायची.

या विसंगती येतात कुठून, तेही पाहू. नोट क्वचितच कोऱ्या पानावर लिहिली जाते. मागच्या वेळची नोट उघडून तिच्यावर नवा मजकूर चढवला जातो, अवतरण मेलवरून येतं, कार्यक्रमाचा तपशील निमंत्रणपत्रिकेतून घेतला जातो आणि शेवटचा संस्थेचा परिचय वर्षानुवर्षं तसाच चिकटवलेला असतो. कार्यक्रम एक दिवस पुढे गेला की पहिल्या परिच्छेदातली तारीख बदलली जाते, कारण ती डोळ्यांसमोर असते. फोटोओळ, मेलचा विषय आणि ‘उद्यापासून’ हा शब्द मागे राहतो. तपासणाऱ्याने शंका घ्यायची ती अशा शिवणीच्या जागांवर.

आधी टिपणाचा कागद

एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखा: कोण काय म्हणालं, कोणाचं पद काय, कोणत्या तारखा-वार-वेळा, आणि कुठून, म्हणजे बातमीच्या सुरुवातीला गाव व तारीख सांगणारी डेटलाइन. नोटमध्ये त्या त्या प्रकारचा जेवढा उल्लेख येतो तेवढा, जसाच्या तसा आणि परिच्छेदाच्या क्रमांकासह उतरवा. ‘हे वर आलंच आहे’ म्हणून गाळायचं नाही, कारण पुनरुक्तीच तर तपासायची असते. मेलचा विषय, फाइलचं नाव, शीर्षक, उपशीर्षक, फोटोओळी, संपर्काचा चौकोन आणि शेवटचा परिचय हे सगळं नोटचाच भाग धरा. ते बाहेर राहतं, आणि चूकही नेमकी तिथेच राहते.

कागद भरला की प्रत्येक नोंदीसमोर तिचा मूळ आधार लिहा: अवतरणासाठी मंजुरीचा मेल, पदासाठी संस्थेतली सध्याची अधिकृत यादी किंवा नियुक्तीपत्र, तारखेसाठी कार्यक्रमाची शेवटची निश्चिती. नोटमधल्या दोन जागा एकमेकींशी जुळल्या म्हणजे माहिती बरोबर, असं नाही. दोन्ही जागी जुनीच तारीख असू शकते.

फाइलमध्ये शोध घेऊन हे उल्लेख गोळा करणं सोपं वाटतं, पण मराठीत त्यात तीन खाचखळगे आहेत. पहिला शब्दाच्या बदलत्या रूपांचा: ‘संचालिका’ शोधलं तर ‘संचालिकांनी’ सापडेल, पण ‘संचालक’ सापडणार नाही. म्हणून ‘संचाल’ एवढंच शोधायचं. दुसरा आकड्यांचा: ‘१२’ शोधताना रोमन लिपीतला 12 सुटू शकतो, म्हणून दोन्ही शोधायचे. तिसरा कपटी आहे. ‘अधिकाऱ्यांनी’मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो आणि पडद्यावर अगदी सारखाच दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. शोधात पाच जागा सापडल्या आणि सहावी समोर दिसत असूनही सापडली नाही, तर कारण बहुधा हेच. अशा वेळी ‘अधिका’ शोधावं. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर शोधावर अजिबात विसंबू नका. छापील प्रतीवर पेन्सिलीनेच काम करा.

एक मसुदा तपासून पाहू

एका कंपनीने चाचणी केंद्र सुरू केलं आहे. कार्यक्रम आधी बुधवारी, ११ मार्च २०२६ रोजी ठरला होता, तो गुरुवारी १२ तारखेला झाला. केंद्र मुख्यालयाच्या शहरात नाही, दुसऱ्या गावात आहे. मसुदा असा:

> चाचणी केंद्राचे उद्घाटन. १२० जणांना रोजगार
>
> (मुख्यालयाचे शहर), ता. ११ : कंपनीच्या नव्या चाचणी केंद्राचे उद्घाटन आज, गुरुवारी (ता. १२) व्यवस्थापकीय संचालक श्रीमती अमुक यांच्या हस्ते झाले. केंद्रात १२० जणांची थेट नियुक्ती करण्यात आली आहे.
>
> “या केंद्रामुळे चाचणीचा अहवाल ४८ तासांत मिळेल आणि दीडशे जणांना थेट काम मिळेल, असे श्रीमती अमुक यांनी सांगितले.
>
> उपाध्यक्ष श्री. तमुक यांनी केंद्राची माहिती दिली. नमुन्यांसाठी नोंदणी उद्यापासून सुरू होईल. अहवाल तीन दिवसांत दिला जाईल.
>
> “पुढील वर्षी दुसरे केंद्र सुरू करू,” असे कार्यकारी संचालक अमुक म्हणाले.
>
> *फोटोओळ : बुधवारी झालेल्या उद्घाटनप्रसंगी श्रीमती अमुक व संचालन विभागप्रमुख श्री. तमुक.*

एकदा सलग वाचलं तर मजकूर ठीकच वाटतो. आता रकान्यांनुसार पाहू.

अवतरणं

पहिली फेरी फक्त चिन्हांची. उघडणारी चिन्हं मोजा, बंद होणारी मोजा. वरच्या मसुद्यात उघडणारी दोन आणि बंद होणारं एक आहे: ‘दीडशे जणांना थेट काम मिळेल,’ नंतर अवतरण बंदच झालेलं नाही. या चुकीचा परिणाम चिन्हापुरता राहत नाही. अवतरण कुठे संपतं ते उपसंपादकाला कळत नाही आणि निवेदकाचं वाक्य वक्त्याच्या तोंडी जातं. मोजणीला एक अपवाद आहे. अवतरण दोन-तीन परिच्छेद चालत असेल तर प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला उघडणारं चिन्ह येतं आणि बंद होणारं फक्त अगदी शेवटी. त्यामुळे तीन परिच्छेदांच्या अवतरणात उघडणारी चिन्हं दोनाने जास्त निघतील, ते बरोबरच आहे. बाहेर दुहेरी आणि आत एकेरी हा क्रम सगळीकडे तोच ठेवा. मेलमधून चिकटवलेल्या मजकुरात सरळ चिन्हं आणि उरलेल्या नोटमध्ये वळणदार चिन्हं अशी सरमिसळ दिसली, तर तिथे जोड आहे हे ओळखा आणि तो भाग मूळ मेलशी ताडून पाहा.

दुसरी फेरी शब्दांची. इथे एक नियम कडक पाळावा लागतो: मंजूर झालेल्या अवतरणातले शब्द आणि आकडे तपासणारा बदलत नाही. ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येईल, सुटलेला अनुस्वार देता येईल. ‘दीडशे’चं ‘१२०’ करता येणार नाही. मसुद्यात शीर्षक आणि पहिला परिच्छेद १२० म्हणतो, अवतरण दीडशे. बातमीदार पहिला प्रश्न यावरच विचारणार. आकडा बदलण्याआधी कारण शोधा. बऱ्याचदा दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात: १२० जण पगारावर आणि ३० कंत्राटी, मिळून दीडशे. तसं असेल तर चूक ‘थेट’ या शब्दात आहे, आणि तो शब्द अवतरणात आहे. मग मार्ग दोनच उरतात. वक्त्याकडून सुधारित वाक्य लेखी मागवायचं, किंवा अवतरणातला तो भाग गाळून माहिती निवेदनात द्यायची. गाळायचं असेल तरी उरलेल्या वाक्याचा अर्थ बदलत नाही ना, हे वक्त्याला दाखवून घ्यायचं.

याच अवतरणात ‘४८ तासांत’ आहे आणि पुढच्या परिच्छेदात ‘तीन दिवसांत’. ४८ तास म्हणजे दोन दिवस. कदाचित चाचणीला ४८ तास आणि नमुना पोहोचण्यासह तीन दिवस असं असेल, पण वाचकाला ते कळायला कुठूनच मार्ग नाही. आकडे ताडताना अशी अक्षरी रूपं आणि बदललेली एककं जरूर पकडा: दीडशे, पाऊण तास, अडीच पट, पंधरवडा. टिपणाच्या कागदावर ती आकड्यांत लिहिली की तफावत उघडी पडते.

मराठीत आणखी एक घोळ होतो, तो कथनाचा. ‘असे त्यांनी सांगितले’ हे प्रत्यक्ष शब्दांनाही चालतं आणि सारांशालाही. म्हणून लिहिणारा सारांश लिहितो आणि वर अवतरणचिन्हं चढवतो: “कंपनी पुढील वर्षी विस्तार करणार असून त्यांना चांगला प्रतिसाद मिळाला,” असे त्या म्हणाल्या. बोलणारी व्यक्ती स्वतःच्या कंपनीला ‘त्यांना’ म्हणणार नाही. अवतरणात ‘त्यांनी’, ‘कंपनीने’ असे शब्द दिसले तर मूळ शब्द शोधा, नाही तर चिन्हं काढून टाका. क्रियापदाचं लिंगही इथेच तपासायचं. मसुद्यात वर ‘श्रीमती अमुक’ आहेत आणि शेवटी ‘अमुक म्हणाले’. जुन्या नोटमधलं वाक्य तसंच राहिल्याची ही खूण. तसं असेल तर ते अवतरण तरी याच व्यक्तीचं आहे का, हा पुढचा प्रश्न.

नोट दोन भाषांत जाणार असेल तर दोन्हींतली अवतरणं समोरासमोर ठेवा. वक्ता एका भाषेत बोलला आणि दुसऱ्या भाषेत अनुवाद झाला, तर अनुवादालाही त्याची वेगळी मंजुरी हवी. ‘करण्याचा विचार आहे’चं ‘करणार आहोत’ झालं की दोन वृत्तपत्रांत दोन वेगळ्या घोषणा छापून येतात.

पदनामं

मसुद्यात श्रीमती अमुक एकदा व्यवस्थापकीय संचालक आहेत, एकदा कार्यकारी संचालक. ही गल्लत सर्वांत जास्त दिसते आणि ती अनुवादातून येते. मॅनेजिंग डायरेक्टर म्हणजे व्यवस्थापकीय संचालक, एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर म्हणजे कार्यकारी संचालक, चीफ एक्झिक्युटिव्ह ऑफिसर म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी. एकाच संस्थेत या तीन पदांवर तीन वेगळी माणसं असू शकतात, म्हणून ‘साधारण तेच’ म्हणून सोडता येत नाही. ‘अध्यक्ष’ तर आणखी घसरडा शब्द आहे. चेअरमनलाही अध्यक्ष म्हणतात आणि प्रेसिडेंटलाही. नोटमध्ये दोन अध्यक्ष निघाले तर एकाला ‘संचालक मंडळाचे अध्यक्ष’ असं पूर्ण लिहा. व्हाइस प्रेसिडेंटचं ‘उपाध्यक्ष’ झालं की वाचकाला तो माणूस अध्यक्षांच्या लगेच खालचा वाटतो, प्रत्यक्षात एका कंपनीत असे वीस-पंचवीस असू शकतात. अशा वेळी ‘व्हाइस प्रेसिडेंट (संचालन)’ असं देवनागरीत तसंच ठेवणं जास्त प्रामाणिक. मसुद्यातले श्री. तमुक मजकुरात उपाध्यक्ष आणि फोटोओळीत संचालन विभागप्रमुख आहेत ते बहुधा याच कारणाने: एकाने पद अनुवादलं, दुसऱ्याने कामावरून पद तयार केलं.

जुळवण्याची पद्धत सोपी आहे. प्रत्येक व्यक्तीसाठी कागदावर एकच ओळ ठरवा: नावाचं पूर्ण रूप, पूर्ण पद आणि पुढच्या उल्लेखांसाठीचं छोटं रूप. पहिल्या उल्लेखात पूर्ण ओळ येईल, पुढे फक्त छोटं रूप. पद पुन्हा लिहूच नका. जितक्या वेळा पद येतं तितक्या वेळा ते चुकू शकतं. फोटोओळ याला अपवाद, कारण ती बातमीपासून सुटी छापली जाते, तिथे पूर्ण ओळच द्यायची. श्री., श्रीमती, डॉ. यांचंही तसंच: एकाला लावायचं आणि दुसऱ्याला नाही असं चालत नाही, आणि एकाच व्यक्तीला एका परिच्छेदात ‘डॉ.’ व पुढच्यात ‘श्री.’ तर नाहीच.

‘प्रभारी’, ‘अतिरिक्त कार्यभार’, ‘माजी’, ‘नियोजित’ हे चार शब्द घाईत गळतात. ज्याची नियुक्ती १ एप्रिलपासून आहे त्याला १२ मार्चच्या नोटमध्ये ते पद देता येत नाही, ‘नियोजित’ म्हणावं लागतं. म्हणजे पद तपासायचं ते डेटलाइनच्या तारखेला धरून, नोट लिहिली त्या दिवसाला किंवा बातमी छापून येईल त्या दिवसाला धरून नाही.

तारखा आणि डेटलाइन

या दोन गोष्टी वेगळ्या तपासून उपयोग नाही. डेटलाइनमधली तारीख हा खुंटा आहे आणि ‘आज’, ‘काल’, ‘उद्या’, ‘येत्या’, ‘गेल्या’ हे सगळे शब्द त्याला बांधलेले असतात. म्हणून आधी खुंटा पक्का करायचा. ती तारीख नोट प्रसिद्धीला देण्याची, मसुदा लिहिल्याची नव्हे. गावाचं नाव म्हणजे बातमी जिथून दिली जाते ते ठिकाण. कार्यक्रम केंद्राच्या गावात झाला आणि नोट तिथूनच निघत असेल तर ते गाव. मुख्यालयातून निघत असेल तर मुख्यालयाचं शहर चालतं, पण मग पहिल्याच वाक्यात केंद्राच्या गावाचं नाव आलं पाहिजे. मसुद्यात ते कुठेच नाही, त्यामुळे वाचणारा केंद्र मुख्यालयाच्या शहरातच आहे असं धरून चालेल.

मसुद्याची डेटलाइन ११ तारखेची आहे आणि पहिल्या वाक्यात ‘आज (ता. १२)’. डेटलाइन ११ची खरी मानली तर उद्घाटन ‘झाले’ म्हणता येत नाही, ‘होणार आहे’ म्हणावं लागेल. कार्यक्रमाआधीच नोट पाठवून अमुक वेळेपर्यंत प्रसिद्ध करू नये अशी अट घालायची असेल, तर डेटलाइन कार्यक्रमाच्या दिवसाची ठेवायची आणि अट सगळ्यांत वर तारीख-वेळेसह लिहायची: ‘१२ मार्च २०२६, दुपारी १ वाजेपर्यंत प्रसिद्ध करू नये’. वाचणारे वेगवेगळ्या देशांत असतील तर कुठली प्रमाणवेळ तेही. मग वरची ‘तत्काळ प्रसिद्धीसाठी’ ही ओळ काढायला विसरू नका. दोन्ही सूचना एकाच पानावर राहिल्या तर बातमीदार सोयीची तीच पाळणार.

‘आज’सारखे शब्द शक्य तितके काढाच. बातमी दुसऱ्या दिवशी छापली जाते आणि उपसंपादकाला ‘आज’चं ‘गुरुवारी (ता. १२)’ करत बसावं लागतं. तुम्हीच तसं लिहून दिलंत तर तिथली चूक टळते. ‘येत्या शुक्रवारी’ आणि ‘पुढच्या शुक्रवारी’ यांचा अर्थ तर दोन माणसं दोन प्रकारे लावतात. मसुद्यात ‘नोंदणी उद्यापासून’ आहे. जुन्या डेटलाइनप्रमाणे ते १२ तारखेला येतं, नव्याप्रमाणे १३ला. कार्यक्रम पुढे गेला म्हणून नोंदणीही पुढे गेली का? हे नोट वाचून कळणार नाही. नोंदणी सांभाळणाऱ्याला फोन करून विचारायचं आणि ‘शुक्रवार, ता. १३ मार्चपासून’ असं लिहायचं.

प्रत्येक तारखेसमोर कॅलेंडर उघडून वार लिहा, डोक्यात हिशेब नको. वाराची जोडी चुकीची निघाली तर तारीख किंवा वार यांपैकी एक जुना आहे, हे कळतं. मागच्या वर्षीची नोट वापरली असेल तर हे लगेच सापडतं, कारण त्याच तारखेचा वार दर वर्षी पुढे सरकतो: १२ मार्चला २०२५मध्ये बुधवार होता, २०२६मध्ये गुरुवार. पण या परीक्षेला एक भोक आहे. लीप वर्ष नसेल तर फेब्रुवारी आणि मार्चचे वार जसेच्या तसे जुळतात. २६ फेब्रुवारी २०२६ला गुरुवार आणि २६ मार्चलाही गुरुवार. फेब्रुवारीतला कार्यक्रम मार्चला गेला आणि महिन्याचं नाव एका जागी बदलायचं राहिलं, तर वार ओरडणार नाही. एप्रिल-जुलै आणि सप्टेंबर-डिसेंबर या जोड्या तर दर वर्षी अशाच असतात. तेव्हा महिन्यांची नावं स्वतंत्रपणे शोधून पाहा.

महिना आकड्यात लिहू नका. ०३/१२/२०२६ कोणी ३ डिसेंबर वाचेल, कोणी १२ मार्च. मुदत मोजताना दोन्ही टोकं धरा: १२ ते १६ मार्च हे पाच दिवस होतात, चार नव्हे. वजाबाकी करून एक मिळवायचा. उलट वर्धापनदिनाला एक मिळवायचा नसतो: २०१६मध्ये सुरू झालेल्या संस्थेचा २०२६मध्ये दहावा वर्धापनदिन असतो आणि त्या दिवशी ती अकराव्या वर्षात पदार्पण करते. शेवटच्या परिचयातलं ‘गेली आठ वर्षे कार्यरत’ हे वाक्य दर वर्षी शिळं होतं, त्याऐवजी ‘२०१६पासून’ लिहिलं की पुन्हा हात लावावा लागत नाही.

दुरुस्तीनंतर

दुरुस्त्या झाल्या की मसुदा असा उभा राहतो. ३० जण कंत्राटी आहेत, अहवालाचे ४८ तास नमुना केंद्रात पोहोचल्यापासून मोजायचे आहेत आणि नोंदणी १३ तारखेपासून आहे असं विचारून कळलं, वक्त्याने सुधारित वाक्य मेलने पाठवलं, असं धरू:

> (केंद्राचे गाव), ता. १२ मार्च २०२६ : कंपनीच्या येथील नव्या चाचणी केंद्राचे उद्घाटन गुरुवारी (ता. १२) व्यवस्थापकीय संचालक श्रीमती अमुक यांच्या हस्ते झाले. केंद्रात १२० जणांची थेट, तर ३० जणांची कंत्राटी नियुक्ती करण्यात आली आहे.
>
> “नमुना केंद्रात पोहोचल्यापासून ४८ तासांत अहवाल मिळेल. केंद्रामुळे दीडशे जणांना काम मिळाले आहे,” असे श्रीमती अमुक यांनी सांगितले.
>
> व्हाइस प्रेसिडेंट (संचालन) श्री. तमुक यांनी केंद्राची माहिती दिली. नमुन्यांसाठी नोंदणी शुक्रवार, ता. १३ मार्चपासून सुरू होईल.

‘दुसरे केंद्र’ हे अवतरण यात नाही, कारण त्याची मंजुरी सापडली नाही. सापडेपर्यंत ते बाहेरच.

यानंतर पुन्हा एक फेरी, फक्त बदललेल्या जागांची. दुरुस्ती करताना नवी चूक होते ती बहुधा शेजारच्या शब्दात: ‘झाले’ राहतं आणि कर्ता बदलतो, किंवा ‘ता. १२’ होतं पण आधीचा ‘बुधवारी’ तसाच. फोटोओळ पुन्हा उघडा. मेलमधला मजकूर, जोडलेली वर्ड फाइल आणि पीडीएफ तिन्ही एकाच अंतिम फाइलमधून नव्याने काढा, जुन्या पीडीएफवर विसंबू नका. मग नोट आधी स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून मोबाइलवर उघडा. फॉन्ट बदलून आलेला मजकूर असेल तर जोडाक्षरं फुटलेली आणि अवतरणचिन्हांच्या जागी प्रश्नचिन्हं आलेली तिथेच दिसतील.

नोट गेल्यावर चूक सापडली, तर गुपचूप दुसरी फाइल पाठवू नये. विषयात ‘दुरुस्ती’ लिहून पहिल्याच ओळीत ‘तिसऱ्या परिच्छेदात नोंदणीची तारीख १२ऐवजी १३ मार्च वाचावी’ असं नेमकं सांगावं आणि खाली पूर्ण सुधारित नोट द्यावी. डेस्कवर एव्हाना पहिली नोट लागलेली असते, आणि तिथल्या माणसाला तीसचाळीस ओळी पुन्हा ताडत बसायला वेळ नसतो.